सीआरने सरांना ‘सिलॅबस फार फास्ट चाललाय’ असा मेल लिहिताना या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणित शिकवताना दर वर्षी सप्टेंबरच्या आसपास एक मेल येतो. मजकूर साधारण असा असतो: “आदरणीय सर, लेक्चर्स खूप फास्ट चालू आहेत. कुणालाच काही समजत नाही. कृपया हळू शिकवावे व सिलॅबस कमी करावा. आपले नम्र, संपूर्ण एसई ए.”

तक्रार बहुतेक वेळा खरी असते. पण हा मेल वाचून शिक्षकाला उद्याच्या लेक्चरला वेगळं काय करायचं ते समजत नाही. दोन महिन्यांत शिकवलेल्यापैकी नेमकं काय निसटलं, कुणाचं निसटलं, यातलं काहीच त्यात नसतं. मग उत्तर येतं, “डाऊट असतील तर केबिनमध्ये या,” आणि विषय तिथेच थांबतो.

‘फास्ट’ एवढंच लिहिणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. वेग सगळीकडे सारखा जाचत नाही. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमधल्या ई अँड टीसी शाखेच्या एम-थ्रीचं उदाहरण घेऊ. त्यात पहिलं युनिट लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन्सचं होतं, दुसरं ट्रान्सफॉर्म्सचं. इन-सेम ३० गुणांची आणि ती याच दोन युनिट्सवर असायची. मधे गणपतीच्या सुट्ट्या येतात, काही लेक्चर्स बुडतात, आणि शिक्षक दुसरं युनिट इन-सेमच्या आत संपवायला धावतात. वर्ग अडतो तो बहुतेकदा इन्व्हर्स झेड ट्रान्सफॉर्मवर.

तिथेही नेमकी पायरी शोधावी लागते. F(z) = z/((z-2)(z-3)) घ्या. आधी F(z) ला z ने भागायचं, मग पार्शियल फ्रॅक्शन्स पाडायचे, मग पुन्हा z ने गुणायचं. |z| > 3 असेल तर उत्तर 3^k - 2^k, k ≥ 0 साठी. अट बदलून 2 < |z| < 3 केली की F(z) तेच राहतं, पण 3 चं पद k < 0 कडे जातं आणि उत्तर बदलतं. काही मुलं पार्शियल फ्रॅक्शन्सवरच अडखळतात, म्हणजे त्यांची अडचण पहिल्या वर्षाची किंवा त्याआधीची आहे. काहींना तेवढं जमतं, पण अट बदलल्यावर उत्तर का बदललं हे कळत नाही. दोन्ही गट ‘सर फास्ट शिकवतात’ असंच म्हणतात, पण उपाय वेगळे आहेत. पहिल्यांना सरावाचं एक पान पुरेल. दुसऱ्यांना फळ्यावर तेच उदाहरण, |z| < 2 ही तिसरी अट धरून, तिन्ही अटींसह शेजारी शेजारी सोडवून दाखवावं लागेल.

म्हणून मेलच्या आधी वर्गाकडून गूगल फॉर्म भरून घ्या. प्रश्न तीनच ठेवा: कोणत्या टॉपिकपासून मागे पडलात? त्या टॉपिकमध्ये कोणत्या पायरीवर अडतं? ट्युटोरियल शीटमधलं न बघता सुटलेलं शेवटचं उदाहरण कोणतं? तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी. पहिल्या दोन्हींची उत्तरं मनःस्थितीवर बदलतात, तिसऱ्याचं उत्तर उदाहरणाच्या नंबरात येतं.

‘संपूर्ण वर्ग’ म्हणणं

ग्रुपवर दहा जणांनी अंगठे दाखवले म्हणजे वर्ग बोलला असं होत नाही. समजा वर्गात ६६ मुलं आहेत, ५१ जणांनी फॉर्म भरला आणि त्यातले ३८ इन्व्हर्स झेडवर अडले, तर हेच आकडे लिहा. उरलेल्या १३ जणांना अडचण नाही हेही सरांना कळू द्या. त्याने मागणी कमजोर होत नाही, उलट तिच्यावर विश्वास बसतो. शिक्षकाला वर्गातले पाच-सहा चेहरे माहीत असतात ज्यांना सगळं येतं, आणि ‘कुणालाच समजत नाही’ वाचताच तेच आठवतात.

यात एक गट स्वतंत्रपणे मोजा: डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं. कॅप राऊंड्स लांबले की ती वर्ग सुरू झाल्यावर येतात. पहिल्या युनिटची सुरुवात त्यांनी पाहिलेली नसते, आणि एम-वन, एम-टूही ती या कॉलेजात शिकलेली नसतात. त्यांच्यासाठी अख्ख्या वर्गाचा वेग कमी करून उपयोग नाही, त्यांना मागचं वेगळं भरून द्यावं लागतं. मेलमध्ये ही ओळ असली की शिक्षकाला एकाऐवजी दोन सोडवता येतील असे प्रश्न दिसतात. मात्र कुणाचं नाव किंवा मार्क लिहू नका.

शिक्षकाच्या हातात नसलेलं मागणं

सिलॅबस विद्यापीठ ठरवतं, इन-सेमची तारीखही वरून येते. ‘सिलॅबस कमी करा’ म्हटलं की नकाराशिवाय उत्तर उरत नाही. शिक्षकाच्या हातात काय असतं ते बघा. २०१९ पॅटर्नच्या एम-थ्रीला आठवड्याला तीन लेक्चर्स आणि एक ट्युटोरियल असायचं. ट्युटोरियलमध्ये काय घ्यायचं हे बरंचसं शिक्षक ठरवतात. लेक्चरच्या आदल्या दिवशी नोट्सचं पान पाठवणं, एखादं सोपं उदाहरण घरी सोपवून तो वेळ अवघड पायरीला देणं, हेही त्यांच्याच हातात. यातल्या एक-दोन गोष्टी मागा, पाच नको.

“बी डिव्हिजनला नीट शिकवतात” हे वाक्य तर लिहूच नका. ते एकदा आलं की पुढचं सगळं त्या तुलनेखाली जातं.

या सगळ्याचा विचार करून लिहिलेला मेल असा होईल:

> विषय: एम-थ्री, एसई ई अँड टीसी ए: इन्व्हर्स झेड ट्रान्सफॉर्मसाठी एका ट्युटोरियलची विनंती
>
> नमस्कार सर,
>
> मी एसई ए चा सीआर. दुसऱ्या युनिटबद्दल वर्गाकडून फॉर्म भरून घेतला. ६६ पैकी ५१ जणांनी भरला. पहिलं युनिट बहुतेकांना जमतंय. ३८ जण इन्व्हर्स झेडवर अडले आहेत: २२ जण अट बदलल्यावर उत्तर कसं बदलतं यावर, १६ जण पार्शियल फ्रॅक्शन्सवर. या १६ मधले ११ डिप्लोमावरून आलेले आहेत.
>
> विनंती दोन आहेत. या गुरुवारच्या ट्युटोरियलमध्ये एकच उदाहरण तिन्ही अटींसह सोडवून दाखवाल का? आणि पार्शियल फ्रॅक्शन्सच्या सरावासाठी एखादं पान सुचवाल का? ते आम्ही आपापसांत बसून सोडवू.
>
> फॉर्मची उत्तरं नावांशिवाय सोबत जोडली आहेत. सोयीची वेळ सांगितलीत तर भेटायलाही येतो.

पहिल्याच मेलला एचओडींना सीसी

नको. शिक्षकाला बोलण्याची संधी देण्याआधीच तक्रार वर गेली असं त्याचं वाचन होतं. आधी विषयशिक्षक, मग क्लास टीचर, आणि तरीही काही झालं नाही तर एचओडी. वर्गालाही सीसीमध्ये ठेवू नका. कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ करून एखादं तिखट वाक्य टाकतो आणि ते तुमच्या नावावर जमा होतं. वर्गाला मेलचा मजकूर आधी ग्रुपवर दाखवा, हरकती घ्या, मग एकट्याने पाठवा.

मेल पाठवून दोन कामाचे दिवस उत्तर आलं नाही तर दुसरा मेल लिहिण्याऐवजी केबिनमध्ये जा, फॉर्मची प्रिंट सोबत न्या. इन-सेम जवळ आली असेल तर तेवढंही थांबू नका.

मागून घेतलं आणि सोडून दिलं

३८ जणांसाठी ट्युटोरियल मागितलं आणि १२ आले, तर पुढची विनंती कुणी ऐकणार नाही. म्हणून अडलेल्या मुलांना सीआरने आदल्या संध्याकाळी स्वतः कळवावं. ट्युटोरियलनंतर फॉर्ममधला तिसरा प्रश्न पुन्हा विचारा, आणि किती जण आता अट बदललेलं उदाहरण स्वतः सोडवू शकतात ते सरांना त्याच मेलला उत्तर देऊन दोन ओळींत कळवा.