एचयूएफ काढूनही कर का वाचत नाही? या चुका टाळा

एचयूएफचा, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचा, वेगळा पॅन सहज मिळतो आणि बँकेत खातंही उघडतं. घोळ होतो तो पुढे, त्या खात्यात पैसे कुठून आले यावरून.

सर्रास दिसणारी चूक अशी: कर्ता स्वतःच्या बचतीतले 30 लाख एचयूएफला भेट देतो आणि 7 टक्क्यांची एफडी करतो. वर्षाचं 2,10,000 रुपये व्याज एचयूएफच्या रिटर्नमध्ये दाखवलं की कर शून्य, असा हिशेब. पण 1961 च्या कायद्याचं कलम 64(2) नेमकं यासाठीच आहे. सभासदाने स्वतःची मालमत्ता पुरेसा मोबदला न घेता कुटुंबात टाकली, तर तिचं उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, तत्त्व तेच. सभासदाकडून आलेली भेट करमुक्त असते हे खरं, पण तिच्यावरचं व्याज कर्त्याच्याच डोक्यावर बसतं.

दुसरी चूक वारशाची. वडिलांनी स्वकमाईने घेतलेला फ्लॅट त्यांच्या पश्चात मुलाकडे आला की तो ‘वडिलोपार्जित’ समजून भाडं एचयूएफमध्ये दाखवतात. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली चंदर सेन प्रकरणात सांगितलंय, की हिंदू वारसा कायद्याच्या कलम 8 खाली आलेली अशी मालमत्ता मुलाची वैयक्तिक असते. वडिलांना ती मुलाच्या एचयूएफला द्यायची असेल, तर मृत्युपत्रात तसं स्पष्ट लिहायला हवं. नुसतं मुलाचं नाव पुरत नाही.

असं मृत्युपत्र झालं आणि त्या फ्लॅटचं भाडं वर्षाला 6 लाख आहे असं धरू. 30 टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर उरतात 4.2 लाख. मुलगा 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर त्याच्या नावावर उपकरासह 1,31,040 रुपये कर. एचयूएफकडे 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही, वरच्या 20,000 वर 5 टक्के, म्हणजे उपकरासह फक्त 1,040. एचयूएफचा खरा फायदा इथे.

हेच उलटंही होतं. मुलाचं स्वतःचं करपात्र उत्पन्न 5 लाखच असेल, तर भाडं धरून 9.2 लाख होतात आणि कलम 87अ च्या सवलतीमुळे 12 लाखांपर्यंत त्याला कर शून्य. ही सवलत फक्त व्यक्तीला आहे, एचयूएफला नाही. म्हणजे इथे एचयूएफ काढून 1,040 रुपये जास्तच जातात, वर सीएची फी आणि दुसरं रिटर्न.

मृत्युपत्र लिहिण्याआधी आणखी एक गोष्ट पाहा. एचयूएफमधून एखादीच मालमत्ता किंवा एकच सभासद वेगळा काढायचा म्हटलं, तर 31 डिसेंबर 1978 नंतरची अंशतः वाटणी आयकर खातं मानत नाही. फ्लॅट वेगळा झाला असं तुम्ही म्हणालात, तरी भाडं एचयूएफचंच धरलं जातं. एचयूएफ मोडायची तर पूर्ण वाटणी करावी लागते.