जुन्या कात्रणातले स्तंभ नीट जुळवताना

नागपूरच्या जुन्या वर्तमानपत्रातलं संत्रा बाजाराच्या बातमीचं कात्रण घ्या: वर दोन स्तंभांवर पसरलेला मथळा, उजव्या स्तंभाच्या मध्यभागी फोटो, त्याखाली ओळ. स्कॅन जसाच्या तसा टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रामला दिला, तर कधी कधी तो स्तंभांमधली मोकळी पट्टी ओलांडून आडवा वाचतो. खूण सोपी आहे: वाक्य क्रियापदापर्यंत पोचण्याआधीच विषय बदलतो.

आधी पान सरळ करा. तिरक्या स्कॅनमध्ये ही पट्टी नीट सापडत नाही. मग मथळा, प्रत्येक स्तंभ आणि फोटोओळ वेगवेगळ्या चित्रांत कापा. फोटोने स्तंभ तोडला असेल तर वरचा आणि खालचा तुकडा वेगळा ठेवा. स्तंभाचा प्रत्येक तुकडा असा वाचून घ्या:

```
tesseract s1.png s1 -l mar --psm 6
```

जोडताना आधी मथळा, मग डावा स्तंभ पूर्ण, मग उजव्याचा वरचा आणि खालचा तुकडा. फोटोओळ शेवटी, स्वतंत्र. ती मधे घुसली की वाक्य तुटतं. उपमथळा मात्र त्याच्याच स्तंभात राहू द्या.

सांधा डोळ्यांनी तपासाच. डाव्या स्तंभाच्या तळाशी ‘व्यापा-’ आणि उजव्याच्या माथ्यावर ‘ऱ्यांनी’ असेल, तर क्रम बरोबर. सांधा जुळलाच नाही, तर मजकूर कात्रीबाहेर राहिला असेल. तिथे अंदाजाने शब्द भरू नका, चौकटी कंसात ‘मजकूर तुटला’ असं लिहा.