किराणा बिलाच्या फोटोतली चूक तोंडी हिशेबाने कशी शोधावी

बिल तपासायचे म्हणजे शेवटची बेरीज कॅल्क्युलेटरवर पुन्हा करायची, हा सल्ला मला मुळीच पटत नाही. दुकानदारानेही ती बेरीज कॅल्क्युलेटरवरच केलेली असते, त्यामुळे एखाद्या ओळीतली रक्कम चुकीची उतरली असेल, तर ती चूक घेऊनच बेरीज बिनचूक जुळते.

फोटोत वजन, दर आणि रक्कम हे तिन्ही रकाने पूर्ण आले आहेत एवढे पाहून घ्यावे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, आठवड्याचा किराणा आणायला तालुक्याला गेलेल्या नातवाने पैसे देण्यापूर्वी आजीला हाताने लिहिलेल्या बिलाचा फोटो पाठवला. साखर ५ किलो २२०, सोयाबीन तेल २ किलो २७०, गूळ दीड किलो ९०, शेंगदाणे पाऊण किलो १२० आणि तूरडाळ सव्वादोन किलो, दर १२४, रक्कम २९७, एकूण ९९७. नातवाने बेरीज तपासली होती आणि ती जुळत होती. आजीने बेरजेकडे पाहिलेच नाही. पूर्ण किलोच्या ओळींवरून तिने नुसती नजर फिरवली आणि ती अपूर्णांकांच्या ओळींवर थांबली.

खरी अडचण याच टप्प्यावर येते, आणि मलाही तो बरेच दिवस जमत नव्हता, कारण मी २.२५ ला थेट १२४ ने गुणायला जात असे. तसे मुळीच करू नये. पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेली माणसे वजन फोडतात. पाव म्हणजे दराच्या निम्म्याचे निम्मे, आणि पाऊण म्हणजे दरातून पाव वजा. दीडसाठी दरात त्याचे निम्मे मिळवावे. आजीने १२४ ची दुप्पट २४८ धरली, पाव किलोचे ३१ त्यात मिळवले आणि २७९ वर आली. अंदाजाने तपासणाऱ्याला २९७ खटकले नसते, म्हणून या ओळींवर अंदाज चालत नाही, पूर्ण आकडाच काढावा लागतो.

फरक आला १८. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, त्यामुळे असा फरक दिसताच आधी अंकांची अदलाबदल तपासावी. मात्र ९ ची पट हा केवळ संशय आहे, पुरावा नव्हे. दुसऱ्या एखाद्या चुकीनेही तोच फरक पडू शकतो. शिवाय दरच जास्त लावला असेल किंवा मापात खोट असेल, तर या रीतीने काहीच कळत नाही. त्यासाठी दर आधी विचारून ठेवावा आणि काट्यासमोर उभे राहावे.

दुकानदाराला “बिल चुकले” असे मोघम सांगितले की तो पुन्हा बेरीजच करून दाखवतो. आजीने फोनवर नेमके सांगितले, “डायीचे दोनशे एकोणऐंशी होतात, तेवढी एकच ओळ पाह्यला सांग त्याले.” दुकानदाराने ओळ पाहिली, २९७ खोडले आणि ९७९ रुपये घेतले.