आधी बाटलीची मागची बाजू वाचा, मग गोष्ट लिहा: लेबलवरच्या या चुका टाळा

दुकानात नवी बाटली हातात घेणारा माणूस काय करतो ते एकदा उभं राहून बघा. पुढचं चित्र बघतो, दोन ओळी वाचतो आणि बाटली उलटी करतो. मागे घटकपदार्थ, पत्ता, तारीख आणि चौदा आकडी परवाना क्रमांक असतो. पुढे वाचलेलं आणि मागे दिसलेलं जुळलं तर बाटली टोपलीत जाते. नाही जुळलं तर तो काही बोलत नाही, बाटली जागेवर ठेवून पुढे जातो. म्हणून आपली गोष्ट कुठे फसली हे उत्पादकाला सहसा कळतच नाही.

लहान उत्पादकांची लेबलं लिहून देणं हे माझं काम. त्यातलंच एक काम इथे उलगडून दाखवतो, कारण नेहमीच्या बहुतेक चुका त्या एकाच बाटलीवर होत्या. कुडाळकडच्या एक ताई गोड कोकम सिरप करतात, ज्याला बाजारात अमृत कोकम म्हणतात. त्यांनी आणलेला मजकूर असा होता:

"आजीच्या हातची चव! तीन पिढ्यांची परंपरा. आमच्या बागेतल्या ताज्या रातांब्यांपासून घरच्या घरी बनवलेलं १०० टक्के नैसर्गिक शुद्ध कोकम. पित्तावर रामबाण."

वाचायला गोड आहे. आता हीच बाटली उलटी करूया. मागे लिहिलं होतं: साखर, कोकम साल, परिरक्षक (आयएनएस २११). खाली पत्ता होता एमआयडीसीतल्या गाळ्याचा.

पुढे कोकम, मागे साखर

घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. अमृत कोकमात साधारण एक किलो सालीला दोन किलो साखर जाते. सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे आणि बरणी आठवडाभर उन्हात ठेवायची. साखर विरघळते, सालीतला रस ओढून घेते आणि तोच पाक गाळून सिरप होतो. म्हणजे मागे पहिला शब्द 'साखर' असणार, तो टळत नाही. मग पुढे 'शुद्ध कोकम' लिहून फायदा काय? ग्राहकाला साखरेचा राग नसतो, सरबत गोड असतं हे त्यालाही ठाऊक असतं. साखर लपवली, याचा राग येतो.

ताईंना हे विचारलं तेव्हा त्या हसल्या. "खरां सांगू तर साखर दुप्पट लागता. कमी घातली तर फसफसता." मी म्हटलं, हेच लिहा. साखर का लागते हे सांगितलं की ती लपवायची गोष्ट उरत नाही, कृतीचा भाग होते.

'१०० टक्के नैसर्गिक' हा शब्द तर काढावाच लागला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'पारंपरिक', 'ताजं' अशा शब्दांना अटी आहेत. अनेक घटक मिसळून केलेल्या पदार्थाला थेट 'नैसर्गिक' म्हणता येत नाही. आणि आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. ते घातलेल्या बाटलीवर '१०० टक्के नैसर्गिक' ही सरळ थाप झाली. ताईंचा प्रश्न रास्त होता: परिरक्षकाचं नाव गोष्टीत घेतलं तर गिऱ्हाईक पळणार नाही का? ज्याला ते नको आहे तो मागे वाचून पळणारच आहे. बाकीच्यांना कारण सांगता येतं. बाटली उघडल्यावर घरात महिना-दोन महिने पुरवून वापरतात, तोवर ती आंबू नये म्हणून ते घातलं. बेंझोएटच का, यालाही कारण आहे: गंधकयुक्त परिरक्षकाने कोकमाचा लाल रंग उडतो. हे ज्याला सांगता येतं त्याला आपल्या मालातलं कळतं, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

उसनी आजी

हल्ली मसाल्यापासून साबणापर्यंत प्रत्येक पाकिटावर एक आजी असते. खरी असेल तर उत्तमच. ती खरी आहे का, हे ओळखायला मी तीन प्रश्न विचारतो: आजी हे कुणासाठी करायची? किती करायची? आज तुम्ही करता त्यात आणि तिच्या कृतीत फरक काय?

ताईंची उत्तरं अशी होती. सासूबाई करायच्या, आजी नव्हे. मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्या पोराबाळांसाठी, दोन-तीन बरण्या. त्यात परिरक्षक नसायचं, कारण पावसाळा सरेपर्यंत बरणी रिकामी व्हायची. विक्री सुरू झाली २०१९ मध्ये.

बघा, 'तीन पिढ्यांची परंपरा' यापेक्षा ही गोष्ट किती चांगली आहे. यात मे महिना आहे, मुंबईची पोरं आहेत, रिकामी होणारी बरणी आहे. शिवाय सासूबाईंच्या कृतीत नसलेलं परिरक्षक आजच्या बाटलीत का आहे, याचं उत्तरही आपोआप येतं. घरापुरतं करणं आणि विकायला करणं यात फरक असतो आणि तो सांगायला लाजायचं कारण नाही. 'स्थापना' म्हणून सासूबाईंच्या काळातलं एखादं साल टाकायचा मोह मात्र आवरावा. व्यवसायाचं साल ते व्यवसायाचं, कृतीचं साल ते कृतीचं.

'आमची बाग' आणि 'घरच्या घरी'

इथे मी वही काढतो, कारण या दोन शब्दांची तपासणी आकड्यांनीच होते. ताईंची स्वतःची सहा झाडं, त्यांचे मिळून साधारण २०० किलो रातांबे. हंगामाला लागतात ८०० किलो. उरलेले ६०० किलो शेजारच्या वाड्यांतून विकत घेतात. म्हणजे दर चार किलोंतला एक किलो घरचा. 'आमच्या बागेतल्या रातांब्यांपासून' हे पाव भागच खरं.

यावर उपाय म्हणून अनेक जण 'निवडक बागांतून' असं गुळगुळीत लिहितात. त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा 'थोडे रातांबे आमच्या सहा झाडांचे, बाकीचे शेजारच्या वाड्यांतून विकत घेतलेले' हे वाचून माणसाच्या डोळ्यांपुढे परिसर उभा राहतो.

'घरच्या घरी' हा शब्दही गेला. साली घरच्या पडवीत निघतात, बरण्या अंगणात तापतात; पण गाळणं, भरणं आणि बुचं लावणं गाळ्यात, चार बायका मिळून करतात. ग्राहकाचा गैरसमज होईल अशा तऱ्हेने 'घरगुती' म्हणणं नियमांतही बसत नाही. पण नियम बाजूला ठेवला तरी, पुढे 'घरच्या घरी' आणि मागे 'गाळा क्रमांक' हे शेजारी वाचणारा माणूस काय समजेल? तुम्ही माल दुसऱ्याकडून करून घेऊन फक्त स्वतःचं लेबल लावत असाल, तर गोष्टीत 'आम्ही बनवतो' असं क्रियापदच वापरू नका. 'आम्ही निवडतो', 'आमच्या कृतीने करून घेतो' ही क्रियापदं आहेत की.

जाता जाता: सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण तेवढ्यावरून कुणालाही ते चिन्ह बाटलीवर छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. गावाचं नाव लिहा, चिन्ह नोंदणीनंतर.

रामबाण

हे थोडक्यात. खाण्याच्या पदार्थाने आजार बरा होतो असं लिहिता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि इन्स्टाग्रामवरची पोस्टही जाहिरातच असते. 'जेवणानंतर घोटभर पितात' हे लिहा. ते खरं आहे आणि तेवढ्यावर लोकांना कळतं.

नवा मजकूर असा झाला:

"मे महिन्यात मुंबईहून पोरं यायची, त्यांच्यासाठी सासूबाई दोन-तीन बरण्या करायच्या. २०१९ पासून आम्ही ते विकायला करू लागलो. थोडे रातांबे आमच्या सहा झाडांचे, बाकीचे शेजारच्या वाड्यांतले. एक किलो सालीला दोन किलो साखर, आठवडाभर ऊन. उघडल्यावर टिकावं म्हणून परिरक्षक घालतो, सासूबाई घालत नसत. रंग कोकमाचाच आहे, उजेडात ठेवलंत तर तपकिरी होईल."

शेवटच्या वाक्यावर ताई अडल्या होत्या. स्वतःच्या मालाचं उणं कशाला सांगायचं? पण त्यांना सर्वांत जास्त फोन याच कारणाने यायचे: 'रंग बदललाय, जुना माल दिलात का?' कोकमाचा रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. हे आधी सांगितलं तर तोच उतरलेला रंग वरून रंग न घातल्याची खूण ठरतो. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याचं उत्तर गोष्टीत नाही, असं समजावं.

छापलेलं बदलत नाही, हंगाम बदलतो

ही चूक माझीही झालेली आहे. एका लोणच्याच्या पाउचवर मी आंब्यांच्या गावाचं नाव हौसेने लिहून दिलं. पाउच हजारांनी छापून आले. पुढल्या वर्षी त्या गावात मोहर गळला, आंबे दुसरीकडून आले आणि पाउच तेच. मालक ते वापरत राहिले. छापील माल फेकून द्या असं सांगायची माझीही हिंमत झाली नाही.

तेव्हापासून मी मजकुराचे दोन भाग करतो. न बदलणारं ते छपाईत: कोण, कधीपासून, कृती कशी. दर हंगामाला बदलणारं ते लहान वेगळ्या स्टिकरवर आणि इन्स्टाग्रामच्या पेजवर: रातांबे कुठले, किती बाटल्या झाल्या, यंदा काय वेगळं. स्टिकर थोडे थोडे छापून घेता येतात. फक्त ते मागच्या सक्तीच्या मजकुरावर चिकटवू नका.

पेजचा खरा उपयोग इथे होतो. २०२५ साली मान्सून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच तळकोकणात पोचला आणि उशिरा भरलेल्या बरण्यांना ऊनच मिळालं नाही. ताईंचं मन दोन वर्षांपूर्वीचे उन्हातल्या बरण्यांचे फोटो पुन्हा टाकायचं होतं. त्याऐवजी त्यांनी पडवीत झाकून ठेवलेल्या बरण्यांचा फोटो टाकला आणि लिहिलं: "यंदा ऊन चारच दिवस मिळालं. शेवटच्या बरण्या विकायला काढणार नाही, घरी वापरू. बाटल्या कमी आहेत." खाली कुणीतरी विचारलं, मग त्या घरच्या बरण्या स्वस्तात देणार का? ताईंनी उत्तर दिलं, "नाही हो, पोरं येतायत."