स्प्लिट झाला की डिव्हायझर का बदलतो: माझं कुठे अडलं होतं

इंडेक्सचा चॅप्टर पहिल्यांदा केला तेव्हा फॉर्म्युले पाठ होते, पण स्प्लिटचं गणित आलं की दरवेळी चुकायचं. शेवटी तीन शेअर घेऊन कागदावर बसलो तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, तेच सांगतो.

समजा अ चा भाव 400, ब चा 150, क चा 50. प्राइस-वेटेड इंडेक्समध्ये नुसते भाव मिळवायचे, 600 झाले, भागिले 3, इंडेक्स 200. ज्याने भागतो तो डिव्हायझर, इथे 3. आता अ चा एकास चार स्प्लिट झाला, म्हणजे एका शेअरचे चार झाले, भाव 100 वर आला, बेरीज 300. तीननेच भागलं तर इंडेक्स 100 दिसेल, म्हणजे कोणाचा एक पैसाही बुडालेला नसताना मार्केट निम्मं झालं! म्हणून डिव्हायझर असा काढायचा की इंडेक्स 200 च राहील: 300 भागिले 200, म्हणजे 1.5.

माझी चूक इथे व्हायची. स्प्लिटच्या दिवशी अ 110 ला बंद झाला असं गणितात दिलेलं असायचं आणि मी तोच भाव घेऊन 310 भागिले 200 करून 1.55 काढायचो. मग इंडेक्स परत 200 च येतो आणि त्या दिवशीची वाढ गायबच होते 😅 डिव्हायझर आदल्या दिवशीच्या बंद भावावरच काढायचा, फक्त तो स्प्लिटप्रमाणे ॲडजस्ट करून. मग 310 भागिले 1.5, उत्तर 206.67.

आता गंमत बघा. स्प्लिट नसता तर अ च्या त्याच 10 टक्के वाढीने इंडेक्स 213.33 झाला असता. म्हणजे डिव्हायझरने लेव्हल वाचवली पण अ चं वजन काही वाचवलं नाही, ते दोन तृतीयांशावरून एक तृतीयांशावर आलं, आणि ब, क चं आपोआप दुप्पट झालं. डाऊ जोन्समध्ये हे खरंच झालंय, 31 ऑगस्ट 2020 ला ॲपलचा एकास चार स्प्लिट लागू झाला, भाव साधारण 500 डॉलरवरून 125 वर, आणि इंडेक्समधलं ॲपलचं वजन एकदम घसरलं. कंपनी तेवढीच मोठी, फक्त शेअरचे तुकडे जास्त, मला तर हे वेटिंगच विचित्र वाटतं.

व्हॅल्यू-वेटेडमध्ये भाव गुणिले शेअरची संख्या धरतात, त्यामुळे ही भानगडच नाही. अ चे 100 शेअर असतील तर 400 गुणिले 100 म्हणजे 40,000, स्प्लिटनंतर 100 गुणिले 400, तेही 40,000. बेरीज तीच, डिव्हायझर तोच, वजनही तेच. तिथे डिव्हायझर हलतो तो कंपनीने नवे शेअर विकले किंवा यादीतली कंपनी बदलली तर. म्हणून प्रश्नात स्प्लिट दिसला की लगेच डिव्हायझर काढायला धावू नका, आधी इंडेक्स कुठल्या प्रकारचा ते बघा, मी यात दोनदा मार्क घालवलेत.