बायसेक्शनच्या पायऱ्या: दहा की अकरा?

सेकंड इयरच्या इंटर्नलला प्रश्न होता: x³ − x − 2 = 0 या समीकरणाचं 1 आणि 2 मधलं मूळ तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक काढायला बायसेक्शनच्या किती पायऱ्या लागतील? मी 10 लिहिलं. मार्क गेले. ऐरोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये मांडीवर वही घेऊन पुन्हा मांडलं, तेव्हा घोळ कळला.

बायसेक्शन म्हणजे मूळ ज्यात अडकलंय तो तुकडा दर पायरीला मधोमध कापायचा आणि ज्या अर्ध्याच्या टोकांना फलनाची चिन्हं विरुद्ध आहेत तो ठेवायचा. पायऱ्या मोजताना समीकरण लागतच नाही. टोकांना चिन्हं विरुद्ध आहेत आणि फलन मध्ये कुठे तुटत नाही, एवढं आधी बघायचं. इथे f(1) = −2 आणि f(2) = 4, म्हणजे झालं. मूळ कुठेही असलं तरी पहिला मध्यबिंदू त्याच्यापासून जास्तीत जास्त अर्ध्या लांबीवर, दुसरा पाव लांबीवर. सुरुवातीची टोकं a आणि b धरली तर n वा मध्यबिंदू जास्तीत जास्त इतका चुकतो:

```
(b - a) / 2^n
```

आपली लांबी 1. चूक 0.001 पेक्षा कमी हवी असेल तर 2ⁿ हजाराच्या वर जायला हवा. 2⁹ = 512 कमी पडतो, 2¹⁰ = 1024 पुरतो, म्हणून 10. पण ‘तीन दशांश स्थळांपर्यंत अचूक’ याचा रूढ अर्थ चूक 0.0005 च्या आत, म्हणजे 2ⁿ दोन हजारांच्या वर. उत्तर 11. प्रश्नातले शब्द मी नीट वाचलेच नव्हते.

दुसरा घोळ मोजण्यातला. काही जण मध्यबिंदू मोजतात, काही जण मूळ ज्यात अडकलंय तो तुकडा किती वेळा अर्धा झाला ते. दहा वेळा अर्धा केलेल्या तुकड्याचा मध्य हा अकरावा मध्यबिंदू असतो. त्यामुळे मी आता पेपरात पहिल्याच ओळीत लिहिते, ‘n म्हणजे काढलेले मध्यबिंदू’.

घरी आल्यावर कॅल्क्युलेटरवर सगळं करून पाहिलं. मूळ 1.52138 च्या आसपास आहे. पहिला मध्यबिंदू 1.5, दुसरा 1.75. दुसरा तर आणखी लांब गेला! मला वाटलं चिन्ह चुकलं, पण नव्हतं. नववा 1.52148 आला, चूक फक्त 0.0001, आणि दहावा 1.52051, चूक जवळजवळ 0.0009. अकरावा 1.52100, चूक 0.0004.

मग नवव्यालाच का थांबू नये? कारण खरं मूळ हातात नसताना तो जवळ आहे हे कळत नाही. तिथे सूत्र 1/512, म्हणजे साधारण 0.002 एवढीच हमी देतं. दर पायरीला अर्धी होते ती ही हमी, प्रत्यक्ष चूक नव्हे. व्हायवात नेमकं हेच विचारतात.

एखाद्या मध्यबिंदू c ला f(c) जवळजवळ शून्य आलं म्हणून थांबणं मला धोक्याचं वाटतं. आलेख मुळाजवळ सपाट असेल तर f(c) इवलंसं असूनही c लांब असू शकतो. x³ = 0 घ्या: x = 0.1 ला किंमत 0.001 च येते, पण मूळ 0.1 एवढं दूर आहे.