आमच्या गटाचं माती परीक्षणाचं पत्र

कृषी कार्यालयाला दिलेल्या पहिल्या पत्रात आम्ही शेतकरी गटाने एवढंच लिहिलं, ‘गटातील २२ सभासदांच्या जमिनीची माती तपासून मिळावी.’ दोन महिने काहीच हललं नाही. चूक आमचीच होती; कुणाची कुठली जमीन, हे साहेबांना कळणार कसं?

दुसऱ्या पत्राला तक्ता जोडला: नाव, जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, बागायत की जिरायत, मागचं पीक, पुढचं पीक, मोबाइल. ‘हरभरा निघालाय, शेणखत अजून टाकलेलं नाही, नमुने आत्ताच घ्यावेत,’ हेही लिहिलं, कारण खत पडल्यावरचा नमुना फसवतो. दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. आठवड्यात कृषी सहाय्यक बांधावर हजर!